आईचा फोन चालू असला की नेट चांगलं: मोडेमच्या आकड्यांवरून लाइनचा सांधा कसा सापडला

लोकमान्य नगरातल्या आमच्या घरी लँडलाइन टिकली ती आईमुळे, आणि ब्रॉडबँड त्याच तांब्याच्या तारेवरून यायचं, कारण तेव्हा इंदूरच्या आमच्या गल्लीत फायबर आलेलं नव्हतं. प्लॅन चार एमबीपीएसचा. चार मिळायचे पण, पण मधेच मोडेमचा डीएसएल दिवा लुकलुकायला लागायचा, दीड-दोन मिनिटं काहीच नाही, मग परत चालू. पाऊस पडून गेल्यावर तर विचारूच नका. तक्रार केली की फोनवरची मुलगी सांगणार मोडेम बंद करून पाच मिनिटांनी चालू करा, आणि फारच मागे लागलो की लाइनमन यायचा, गेटशी येणाऱ्या तारेला आपला टेस्ट फोन लावायचा, डायल टोन खणखणीत, "लाइन तो एकदम ओके है भैया, आपका मोडेम देख लो" म्हणून निघून जायचा. तक्रार बंद. शेरा, टेस्टेड ओके.

मोडेम बदलून बघितला, चुलतभावाचा आणून लावला, तेच. मग ठरवलं की मोडेम लाइनबद्दल काय सांगतोय ते तरी नीट वाचू या, कारण ते सगळं आत लिहिलेलं असतंच, आपण बघत नाही एवढंच.

ब्राउझरमधे 192.168.1.1 टाकलं की मोडेमचं पान उघडतं, त्यात `Device Info`, मग `Statistics`, मग `xDSL`. आमच्या मोडेममधे ब्रॉडकॉमची चिप होती, भारतात त्या काळी बरेच मोडेम तसेच होते त्यामुळे पान ओळखीचं वाटेल. इथे पहिल्यांदाच एक गंमत लक्षात ठेवायची. `SNR Margin (0.1 dB)` असं लिहिलेलं असतं आणि पुढे आकडा 85. तो पंच्याऐंशी नाही, साडेआठ डीबी आहे, कंसातलं 0.1 त्यासाठीच असतं. आमच्या एका शेजाऱ्यांनी मला अभिमानानं सांगितलं होतं की त्यांचं मार्जिन साठ आहे, म्हणजे सहा, म्हणजे अभिमान वाटावा असं त्यात काही नव्हतं.

मला पान सारखं रिफ्रेश करायचा कंटाळा येतो म्हणून मी टेलनेटनं आत गेलो. बऱ्याच मोडेममधे हे चालतं, काहींत `adsl` ऐवजी `xdslctl` लिहावं लागतं.

```
telnet 192.168.1.1
adsl info --stats
```

भलंमोठं काहीतरी ओतलं जातं स्क्रीनवर. त्यातलं कामाचं तेवढं इथे देतो, डावीकडचा कॉलम डाउनलोडचा, उजवीकडचा अपलोडचा:

```
SNR (dB):   8.5    12.0
Attn(dB):   41.0   22.5

Latest 15 minutes time = 11 min 4 sec
FEC:   20418   37
CRC:   612     3
ES:    187     3
```

आता यातला एकेक. मार्जिन म्हणजे आत्ता ज्या स्पीडला लाइन जोडली गेलीय त्या स्पीडला जेवढा सिग्नल लागतो, त्याच्या वर किती डीबी शिल्लक आहे ते. साधारणपणे जोडणी करताना मोडेम आणि एक्स्चेंजमधलं यंत्र मिळून सहा डीबी शिल्लक ठेवून स्पीड ठरवतात. शिल्लक संपत आली की आवाजाचा एखादा झटका आला तरी जोडणी तुटते आणि परत पहिल्यापासून सुरू. आमच्याकडे साडेआठ. वाईट म्हणावं असं नाही, आणि फोनवरच्या मुलीनंही तेच सांगितलं, सहाच्या वर आहे सर, ठीक आहे.

पण ठीक नव्हतं, आणि ते मला त्याच पानावरच्या दुसऱ्या ओळीनं सांगितलं. अटेन्युएशन, म्हणजे तारेतून येता येता सिग्नल किती गळला ते. हा आकडा मुख्यतः तारेच्या लांबीवर ठरतो. अर्ध्या मिलिमीटरच्या तांब्याच्या जोडीला एडीएसएलमधे किलोमीटरमागे अंदाजे पावणेचौदा डीबी धरतात. एक्केचाळीसला पावणेचौदानं भागलं तर तीन किलोमीटर येतं. एक्स्चेंज आमच्यापासून रस्त्यानं अडीचच्या आसपास, केबल थोडी वळसे घेत येते हे धरलं तरी तीन जरा जास्तच वाटत होतं, पण अंदाजाचं गणित आहे, सोडून दिलं. मग दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर अडतीस. संध्याकाळी पुन्हा एक्केचाळीस. आता मार्जिन वरखाली होणं समजू शकतो, आजूबाजूचा इलेक्ट्रिकल आवाज बदलतो, रात्री रेडिओची स्टेशनं जास्त लांबून ऐकू येतात आणि तीही तारेत शिरतात, त्यामुळे रात्री दोन-तीन डीबी कमी दिसणं नेहमीचंच आहे. पण अटेन्युएशन? तीन डीबी म्हणजे सव्वादोनशे मीटर तार. एक्स्चेंज काही संध्याकाळी राजेंद्र नगरकडे सरकत नव्हतं. तारेची लांबी बदलत नाही आणि आकडा बदलतोय म्हणजे वाटेत कुठेतरी काहीतरी कधी जुळतंय, कधी सुटतंय.

खालचे आकडे मोजणीचे. एफईसी म्हणजे आलेल्या चुका ज्या मोडेमनं स्वतःच दुरुस्त केल्या. हा आकडा लाखांत गेला तरी घाबरायचं कारण नाही, ती सोय त्यासाठीच दिलेली असते. सीआरसी म्हणजे दुरुस्त न झालेल्या, तो डेटा फुकट गेला, परत मागवावा लागणार. आणि ईएस म्हणजे असे किती सेकंद गेले ज्यात एक तरी सीआरसी चूक आली. मला सगळ्यात उपयोगी पडला तो हा ईएस, कारण सीआरसी सहाशे बारा म्हटलं तर ते एका झटक्यात आले की पसरून आले ते कळत नाही. अकरा मिनिटं म्हणजे साधारण साडेसहाशे सेकंद, त्यातले एकशे सत्त्याऐंशी सेकंद खराब, म्हणजे दर साडेतीन सेकंदाला एक. पंखा चालू केला, ट्यूबलाइट लावली असल्या एखाद्या धक्क्यानं असं होत नाही. हे सतत चाललंय.

एक सूचना मधेच, नाहीतर विसरेन. हे सगळे आकडे वेळेसकट लिहायचे. "सीआरसी सहाशे" याला अर्थ नाही, अकरा मिनिटांत सहाशे की अकरा दिवसांत? ब्रॉडकॉमवाल्यात `Latest 15 minutes`, `Previous 15 minutes`, `Latest 1 day` आणि `Since Link` असे वेगवेगळे गट येतात. `Since Link` मधली वेळ म्हणजे शेवटचं कनेक्शन जुळून किती वेळ झाला ते, म्हणजे तुम्ही झोपला होतात तेव्हा लाइन तुटली का हेही तिथे कळतं. आणि मोडेम बंद-चालू केला की सगळं पुसलं जातं. तक्रार केंद्राचा पहिला सल्ला नेमका तोच असतो. रीस्टार्टच्या आधी पानाचा फोटो काढून ठेवा, एवढंच म्हणतो.

मग घरातलं तपासलं, कारण आधी तेच करायचं असतं, बाहेरच्याला दोष द्यायला नंतर वेळ आहेच. आमच्याकडे रोझेटपासून, म्हणजे भिंतीवरच्या पहिल्या डबीपासून, एक तार आतल्या खोलीत एक्स्टेन्शनला जायची. ती सोडली. फोनचा आणि नेटचा सिग्नल वेगळा करणारा स्प्लिटर काढला, फोन काढले, आखूड वायरीनं मोडेम सरळ रोझेटला लावला. मार्जिन साडेआठचं नऊ झालं, ईएस तेवढेच. म्हणजे घरातलं वायरिंग फार काही बिघडवत नव्हतं. नवीन स्प्लिटर आणला, तो घालून परत सगळं जोडलं. तेच आकडे.

आणि मग ती आईची गोष्ट. लॅपटॉपवर मी मिनिटा-मिनिटाला आकडे काढत बसलो होतो आणि आईनं देवासच्या मावशीला फोन लावला. दोघींचं सुरू झालं की पाऊण तास नक्की. मी बघतोय तर मार्जिन साडेआठवरून चढत चढत सोळा. अटेन्युएशन अडतीसवर आलं. सीआरसी वाढायचेच थांबले. मला वाटलं योगायोग. आईनं फोन ठेवला, तरी आकडे चांगलेच राहिले, आणि तासाभरात हळूहळू परत घसरले. पुन्हा आईला म्हटलं, आई, जरा मावशीला फोन लाव ना. ती म्हणाली, "आत्ताच तर बोलले, आता काय सांगू तिला?" मग मीच रिसीव्हर उचलून टेबलावर ठेवला आणि मार्जिन परत चढलं.

उलट एखाद्याचा फोन आला की बेल वाजताक्षणी बऱ्याचदा नेट तुटायचं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण "फोन आला की नेट जातं" याचा अर्थ आम्ही स्प्लिटरमधला फिल्टर खराब एवढाच लावत होतो. खरंतर बेलला नेट तुटणं दोन्हीत होतं, फिल्टर बिघडला तरी आणि लाइनचा सांधा खराब असला तरी. फरक कळतो तो रिसीव्हर उचलल्यावर. फिल्टर किंवा घरातलं वायरिंग खराब असेल तर फोन उचलल्यावर मार्जिन सहसा पडतं, कारण फोन आता डीएसएलच्या सिग्नलच्या आड येतो. सांधा खराब असेल तर फोन उचलल्यावर मार्जिन चढतं. आमचं चढत होतं.

असं का, तर तांब्याच्या दोन तारा नुसत्या पिळून टेप गुंडाळून जोडल्या की वर्ष-दोन वर्षांत आत ओल जाते, तांब्यावर पापुद्रा चढतो, सांध्याचा रेझिस्टन्स वाढतो आणि तो स्थिरही राहत नाही. फोन ठेवलेला असताना लाइनवर एक्स्चेंजचे अठ्ठेचाळीस व्होल्ट असतात पण करंट वाहत नाही. डीएसएलचा सिग्नल इतका बारीक की तो त्या पापुद्र्याला काही करू शकत नाही. रिसीव्हर उचलला की वीस-तीस मिलीअँपिअर डीसी वाहायला लागतो आणि तो पापुद्र्यातून वाट पाडतो, सांधा तात्पुरता बरा होतो. फोन ठेवला की पापुद्रा हळूहळू परत धरतो. आणि बेलच्या वेळी सत्तर-ऐंशी व्होल्टचा एसी एकदम त्या अर्धवट सांध्यातून जातो, तिथे चरचर होते आणि मोडेमला सिग्नल सोडून तेच ऐकू येतं. नळाच्या तोटीत अडकलेला गाळ जोराच्या पाण्यानं थोडा वेळ निघून जावा तसं हे, गाळ टाकीत असतोच.

आता लाइनमनचा टेस्ट फोन आठवा. तो लाइनला लावून डायल टोन ऐकायचा, म्हणजे रिसीव्हर उचलल्यासारखंच, म्हणजे करंट वाहणार, म्हणजे तो तपासत असेपर्यंत सांधा बरा. तो खोटं बोलत नव्हता, त्याच्या हातातलं यंत्रच दोष झाकत होतं. मीटरवर जोडीचा रेझिस्टन्स बघितला तरी तेवढ्या वेळात सरळ येऊ शकतो. म्हणून "टेस्टेड ओके" परत परत येत होतं आणि तो गेल्यावर तासाभरात आमचं रडगाणं परत सुरू.

पुढच्या खेपेला तक्रार लिहिताना मी नेट स्लो आहे असं लिहिलंच नाही. लिहिलं की रिसीव्हर उचलल्यावर मार्जिन साडेआठचं सोळा होतं, अटेन्युएशन एक्केचाळीसचं अडतीस होतं, बेलला जोडणी तुटते, सांध्यात हाय रेझिस्टन्स आहे, खांबावरच्या डीपीच्या डब्यापासून घरापर्यंत तपासावं. यावेळी जो लाइनमन आला तो वयानं मोठा होता, निवृत्तीला आलेला. कागद वाचून म्हणाला, "एचआर है, समझ गया," आणि टेस्ट फोन पिशवीतून काढलाच नाही. मी म्हटलं भैया, चहा घेऊन सुरू करू, तो म्हणाला आधी काम. बरं वाटलं.

मग असं केलं. मी घरात लॅपटॉपपाशी, तो बाहेर तारेपाशी, मोबाइल दोघांच्या कानाला. लँडलाइनला कोणी हात लावायचा नाही हे आईला बजावून ठेवलं. तो एकेका ठिकाणची तार हलकेच हलवायचा आणि मी ईएस बघायचो. गेटवरच्या कड्यापाशी हलवली, काही नाही. कडुलिंबाच्या फांदीला तार घासत होती तिथे हलवली, तीन-चार चुका, विशेष नाही. खांबावरच्या डीपीच्या डब्यात, म्हणजे जिथून सगळ्या गल्लीच्या जोड्या फुटतात तिथे, आमच्या जोडीचे स्क्रू त्यानं हलवून बघितले, काही नाही. मग डीपीपासून हातभर अंतरावर काळ्या टेपचा गुंडाळा होता, कुणीतरी कधीतरी तार कमी पडली म्हणून जोड दिलेला. त्याला बोट लावलं आणि माझ्या स्क्रीनवर सीआरसी दोनशेनं उडाले, पुढच्या क्षणी दिवा लुकलुकायला लागला. मी मोबाइलवर ओरडलो, "वहीं है, वहीं है!" खाली गल्लीत पोहेवाला वळून बघायला लागला.

टेप काढली तर आत दोन तारांपैकी एक हिरवीगार झालेली, दुसरी बरी. म्हणजे जोडीतल्या एकाच तारेचा सांधा खराब होता, आणि तेही महत्त्वाचं आहे कारण एकच बाजू बिघडली की जोडीचा तोल जातो, दोन्ही तारांवर सारखाच बसून एकमेकांत कटून जाणारा बाहेरचा आवाज मग कटत नाही आणि मोडेमपर्यंत पोचतो. रेझिस्टन्सनं सिग्नल गळतो ते वेगळं, तोल गेल्यानं आवाज वाढतो ते वेगळं, आम्हाला दोन्ही मिळत होतं. त्यानं दोन्ही तारा मागे चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापल्या आणि जेली भरलेल्या छोट्या कनेक्टरमधे घालून पकडीनं दाबल्या. सोलायचं नाही, पिळायचं नाही, टेप नाही. दाबलं की आतली पट्टी इन्सुलेशन कापून तांब्याला धरते आणि जेलीमुळे ओल शिरत नाही.

आकडे लगेच बदलले. मार्जिन एकोणीस, अटेन्युएशन अडतीस, आणि रिसीव्हर उचलला तरी एकोणीस, ठेवला तरी एकोणीस. हे शेवटचं बघणं जरुरीचं, नुसतं मार्जिन चढलेलं बघून खूश व्हायचं नाही, कारण हलवाहलवीनंही जुना सांधा थोडा वेळ सुधारतो. मोबाइलवरून लँडलाइनला रिंग दिली, सीआरसी जागचा हलला नाही. `Max` ओळीतला डाउनलोड, म्हणजे लाइन जास्तीत जास्त किती झेपवू शकते तो आकडा, आधी 4900 च्या आसपास होता तो 8200 झाला. हिशोबही जुळतो. एडीएसएल स्पीड शेकडो बारीक वाहिन्यांवर वाटून देतं, आणि प्रत्येक वाहिनीवर एक बिट जास्त चढवायला साधारण तीन डीबी लागतात. साडेदहा डीबी परत मिळाले म्हणजे प्रत्येक चालू वाहिनीवर साडेतीन बिट. प्लॅन चारचाच असल्यामुळे स्पीड टेस्ट तीच आली, जास्तीचं सगळं मार्जिनमधे जमा झालं, आणि तेच तर हवं होतं.

मात्र ज्यांच्या प्लॅनला अशी वरची मर्यादा नाही त्यांनी मार्जिनकडे बघून काही ठरवू नये. त्यांचा मोडेम जेवढं झेपेल तेवढा स्पीड ओढतो आणि मार्जिन प्रत्येक वेळी सहाच्या जवळ येऊन बसतं, लाइन चांगली असो की वाईट. तिथे जोडणीचा स्पीड बघायचा, कालच्यापेक्षा आज किती कमी ते.

त्या रात्री दणकून पाऊस झाला. सकाळी `Latest 1 day` मधे ईएस अकरा, `Since Link` सलग. अकरा का, शून्य का नाही, म्हणून परत लाइनमनच्या मागे लागायचं नाही, हवेतून लोंबत येणाऱ्या तांब्याच्या तारेवर दिवसाला एवढे सेकंद जाणारच.

नंतर बायपासकडे राहणाऱ्या एका मित्रानं हीच कहाणी ऐकून मला बोलावलं. त्याचं मार्जिन सहा, लाइन दिवसभर तुटते, त्यालाही सांधाच हवा होता शोधायला. रिसीव्हर उचलला, काही फरक नाही. अटेन्युएशन छप्पन, सकाळी छप्पन, रात्री छप्पन. छप्पन म्हणजे चार किलोमीटर तार, आणि त्यानं आठ एमबीपीएसचा प्लॅन घेतलेला. तिथे टेप कुठेच सोडवायची नव्हती. त्याला सांगितलं की एक्स्चेंजमधे सांगून लाइन दोन एमबीपीएसला बांधून घे. त्यानं तोंड वाकडं केलं, पण घेतली बांधून, आणि मार्जिन अकरावर गेलं.